पहिलं दार स्थिर

शाखेत मला सगळे सांगाबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ वळली की सांगाबाई. मला ठाऊक आहे आणि राग येत नाही, कारण ते नाव मी कमावलेलं आहे. कर्जाच्या काउंटरवर तीस वर्षं काढली. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला आधी मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढून दाखवते, हप्ता कुठवर सपाट चालतो आणि कुठे चढतो ते. मग पेन्सिल त्याच्या हातात देते आणि म्हणते, "आता तुम्ही मला सांगा." त्याने बरोबर सांगितलं तरच सहीचा कागद पुढे सरकतो. नाही सांगता आलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझ्याकडची रांग मारुतीच्या शेपटीसारखी लांबते, व्यवस्थापक कपाळाला हात लावतात. पण आमच्या शाखेतून गृहकर्जाची तक्रार वर जात नाही. गेलीच तर वर्षातून एखादी, तीही पंख्याखालच्या खुर्चीबद्दल.

याच गुणामुळे मला सहा वर्षं आधी हेड ऑफिसने बोलावलं असतं तर मी टुणकन उडी मारली असती. बोलावलं तेव्हा माझी निवृत्ती चार वर्षांवर आली होती. पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांसाठी नवं कर्ज आणायचं होतं आणि त्याला नाव हवं होतं. नाव ऐकून माणसाला धीर वाटला पाहिजे आणि कर्ज काय आहे ते कळलंही पाहिजे, असं पत्रात लिहिलं होतं. काउंटरचा आवाज म्हणून मी. काउंटरला आवाज असतो हे हेड ऑफिसला कळायला एवढी वर्षं लागली, पण ठीक आहे.

बैठकीत आम्ही चौघं. कर्जविभागाचा प्रमुख, ज्याला मी पहिल्याच दिवशी घाईसाहेब नाव ठेवलं, कारण तो खुर्चीत बसायच्या आधीच उठायच्या तयारीत असायचा. दुसरी कायदेबाई. ती प्रत्येक शब्द चष्मा काढून एकदा आणि घालून एकदा वाचायची. तिसरा जाहिरातवाला, बाहेरच्या कंपनीतून आलेला. त्याच्याकडे गुळगुळीत कागदावर छापलेली चौदा नावं होती. स्वप्नपूर्ती होतं, निवांत होतं, सुखछाया होतं. एक तर नुसतंच 'मिठी' होतं. बँकेने कर्जदाराला मिठी मारायची ही कल्पना ज्या डोक्यातून आली त्याने कधी थकलेल्या हप्त्याचं पत्र वाचलेलं नसणार.

मी विचारलं, कर्ज नेमकं काय आहे ते आधी सांगा. घाईसाहेबाने सांगितलं. दोन प्रकार होते. एकात पहिल्या दिवसापासून व्याजदर बाजाराप्रमाणे वरखाली होणार. दुसऱ्यात पहिली तीन वर्षं दर ठरलेला, हप्ता तोच. तीन वर्षं संपली की तोही बाजाराप्रमाणे बदलता. लोकांना दुसराच विकायचा होता. नवं घर घेतलेल्या माणसाचे सुरुवातीचे दिवस ओढाताणीचे असतात, तेवढा काळ त्याला हप्त्याची खात्री द्यायची. कल्पना चांगली होती. मी आजही म्हणते, चांगली होती.

मग मी माझं घोडं दामटलं. काउंटरवर माणूस तीनच गोष्टी विचारतो, म्हटलं: महिन्याला किती, कधीपर्यंत आणि पुढे काय. तुमची चौदाच्या चौदा नावं यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. जाहिरातवाला हसून म्हणाला की नावाचं काम भावना जागवायचं असतं, माहिती आत असते. मी म्हटलं, माहिती आत असते तिथपर्यंत कोणी पोचत नाही, सगळे दारातच सही करतात. कायदेबाईने चष्मा घातला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

नाव मला घरी सापडलं. घर म्हणजे बँकेचं क्वार्टर, दोन खोल्या. त्यात मी आणि माझी भाची. थोरली बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडे. माझं लग्न त्या धावपळीत राहूनच गेलं. कोणी विचारलं तर मी सांगते, वेळ मिळाला नाही. भाची इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते, तेव्हा अडतीस वर्षांची होती, हाताखाली सहाजणी आहेत. घरात तिचं नाव अजून बबडी.

बबडीने त्या वर्षी घर बघायला घेतलं होतं. मला निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार, हे तिच्या डोक्यात माझ्याही आधीपासून होतं. एका माणसाला एक खोली पुरली असती, पण ती दोन झोपायच्या खोल्यांचंच घर बघायची. घर पसंत पडलं तेव्हा मला दाखवायला नेलं आणि मागच्या खोलीत उभं करून म्हणाली, ही मावशीची खोली. खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं. मी म्हटलं, पोरांचा गोंगाट होईल. ती म्हणाली, काउंटर सुटल्यावर तुला गोंगाटाशिवाय झोप तरी लागेल का. मी तोंड फिरवून खिडकीची कडी बघत बसले, कारण डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी जेवताना मी तिला नावाचं कोडं सांगितलं. ती म्हणाली, "आई होती तेव्हा आम्ही भाड्याने राहायचो ना, तेव्हा मालकाच्या बैठकीतून आत जावं लागायचं. पाहुणे बसलेले असले की आई मला मागे धरून दाराबाहेर थांबायची. मला घर नको होतं गं, मला फक्त दार हवं होतं." एवढं बोलून तिने आमटी वाढून घेतली. मी उठून पेन्सिल आणली आणि लिहिलं, 'पहिलं दार'. त्याखाली माझ्या काउंटरची सवय म्हणून लिहिलं, 'तीन वर्षं स्थिर, पुढे बदलता'. बबडीने वाचलं. म्हणाली, शेपूट लांब आहे, पण राहू दे, शेपटीमुळेच कळतंय.

बैठकीत जाहिरातवाल्याला पहिले दोन शब्द भयंकर आवडले आणि शेपूट मुळीच आवडलं नाही. 'पुढे बदलता' ऐकून माणूस घाबरेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, विचारून बघू. तीस माणसं बसवली, सगळी भाड्याच्या घरातली, कोणी शिंपी, कोणी वायरमन, कोणी शिक्षिका. अर्ध्यांना नुसतं 'पहिलं दार' लिहिलेलं कार्ड दिलं, अर्ध्यांना शेपटीसकट. आणि प्रत्येकाला माझा एकच प्रश्न: आता तुम्ही मला सांगा, या कर्जात हप्त्याचं काय होणार? नुसत्या नावावरून पंधरातल्या दोघांनीही धड सांगितलं नाही. शेपटीसकट असलेल्या पंधरापैकी तेराजणांनी बरोबर सांगितलं. घाबरलं कोणीच नाही. शिंपी तर म्हणाला, पुढचं आधीच सांगताहेत म्हणजे लपवत नाहीत, मला बरं वाटलं. हे वाक्य मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा घाईसाहेबसुद्धा मिनिटभर बसून राहिला.

हेड ऑफिसच्या समितीने नाव मंजूर केलं, शेपटीसकट. मंजुरीच्या टिपणात लिहिलं गेलं की नाव ग्राहकाला स्पष्ट कळतं याची खात्री काउंटरच्या प्रतिनिधीने, म्हणजे मी, द्यायची आणि नावाच्या प्रत्येक कागदावर माझी सही लागेल. मला आभाळ ठेंगणं झालं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांवर सह्या घेत आले होते, आता शब्द माझे होते.

कर्ज एक तारखेला बाजारात यायचं होतं. त्याच्या तीन दिवस आधी घाईसाहेबाने मला बोलावून एक फॉर्म पुढे केला. बँकेच्या संगणकात नवं कर्ज उघडायचं तर त्याचं नाव एका चौकटीत भरावं लागतं. त्या चौकटीत वीस अक्षरं मावतात, आणि संगणक काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतो. आमचं नाव मावत नव्हतं. शिवाय दोन प्रकार ओळखू यायला हवेत म्हणून संगणकवाल्यांनी आपलं डोकं चालवून एकाला 'पहिलं दार बदलता' आणि दुसऱ्याला 'पहिलं दार स्थिर' असं नाव भरलं होतं.

मी म्हटलं, हे खोटं आहे. तीन वर्षांनी ते स्थिर नाही. घाईसाहेब म्हणाला, हे आतलं नाव आहे मॅडम, कपाटावरच्या चिठ्ठीसारखं, ग्राहक पत्रक बघणार, पत्रकावर शेपूट आहेच. मी विचारलं, मंजुरीपत्रावर कुठलं नाव छापलं जातं? तो म्हणाला, ते संगणकातून आपोआप येतं. म्हणजे हेच. हप्त्याच्या संदेशात? हेच. खात्याच्या उताऱ्यावर? तेही हेच. मग चौकट बदला, म्हटलं. चौकट बदलत नाही, नाव बदलायचं तर पुन्हा समितीपुढे जावं लागेल आणि समिती वीस तारखेला बसते. तोवर कर्ज बाजारात येणार नाही. तुम्ही सांगा, तो म्हणाला, थांबायचं का?

आता खरं सांगायचं ते इथे सांगते. बबडीने घराची नोंदणी केली होती आणि बिल्डरने कर्जमंजुरीसाठी दिलेली मुदत पंधरा तारखेला संपत होती. पंधरानंतर घर दुसऱ्याला जाणार. मला वीस तारीख म्हणजे शाळेचं मैदान गेलं, मागची खोली गेली, एवढंच दिसलं. समोरचा माणूस उठायच्या तयारीत होता. मी मनाची समजूत घातली की पत्रकावर आहे, करारातही आहे, शाखाशाखांतून माझ्यासारख्या बायका समजावून सांगतीलच. माझ्यासारख्या बायका शाखाशाखांतून नसतात हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणालाच नव्हतं. तरी मी सही केली.

घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर मी सहज मोजून बघितलं. 'पहिलं दार ३ वर्षं'. काना, मात्रा, अनुस्वार, मधल्या मोकळ्या जागा धरून सतरा. मावत होतं. तिथेच बसून दोन मिनिटं मोजलं असतं तर सही करायच्या आधी सापडलं असतं. दुसऱ्या दिवशी घाईसाहेबाला फोन केला. तो म्हणाला, छान आहे, पुढच्या वेळी बघू. मीही फार ताणून धरलं नाही, कारण ताणलं तर तारीख तुटली असती.

नातेवाइकाची कर्जफाइल कर्मचाऱ्याने हाताळायची नाही असा बँकेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून बबडी दुसऱ्या शाखेत गेली. बारा तारखेला मंजुरी आली. ती संध्याकाळी पत्र नाचवत घरी आली, मला उचलून गोल फिरवलं, माझी कंबर दोन दिवस दुखली. पत्र तिने माझ्या हातात दिलं. वरच्या ओळीत ठळक अक्षरात होतं: पहिलं दार स्थिर. ती म्हणाली, "बघ मावशी, तुझं नाव." मी म्हटलं, "तुझं."

आणि त्या दिवशी, तीस वर्षांत पहिल्यांदाच, मी पेन्सिल काढली नाही. तिला काय सांगायचं? नाव तिच्याच तोंडून आलेलं, शेपूट तिच्यासमोर लिहिलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. आणि थोडं खोटंही बोलते मी, कारण ती पहिली ओळ तिच्यासमोर वाचायची माझी हिंमत नव्हती. ती वाचली असती तर शेपूट का तुटलं तेही सांगावं लागलं असतं. मी पत्राची घडी घातली आणि म्हटलं, आधी चहा टाक.

तिने दार निवडलं ते गडद हिरवं. आमच्या क्वार्टरच्या चावीसारखा त्याच्या चावीला बँकेचा पितळी बिल्ला नव्हता. पहिल्या दिवशी ती चार वेळा बाहेर जाऊन चार वेळा चावीने उघडून आत आली. मागच्या खोलीत पलंग लावला, त्यावर माझी जुनी चादर. मी अधूनमधून दोन दिवस राहायला जायची. क्वार्टर सुटेपर्यंत एवढंच, मग कायमची, असं ठरलं होतं.

पत्रकांचा पहिला गठ्ठा संपला. दुसरा आला त्यावर शेपूट बारीक अक्षरात तळाशी गेलं होतं. तिसऱ्यावर 'अटी लागू' एवढंच. चौकातल्या भल्यामोठ्या फलकावर एक बाई दार उघडून हसत होती आणि वर लिहिलं होतं, पहिलं दार स्थिर. कारण विचारलं तर जाहिरातवाल्याने सांगितलं की मंजुरीपत्रावर एक नाव आणि फलकावर दुसरं, असं कसं चालेल, लोकांचा गोंधळ होतो. कायदेबाईने हरकत घेतली होती म्हणे. तिला माझी सही दाखवली गेली. मी हेड ऑफिसला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं, दुसऱ्याचं आलं नाही. माझ्या काउंटरवर मात्र मी दुप्पट जोमाने पेन्सिल चालवत राहिले. पाप फेडायची माझी ती पद्धत होती आणि ती किती तोकडी आहे हे मला कळत होतं.

तीन वर्षं पापणी लवते तशी गेली. मधल्या काळात बाजारात व्याज चढलं, दोन टक्क्यांनी. पहिल्या कर्जदारांना पत्रं गेली: आपला स्थिर दराचा कालावधी संपला असून येत्या महिन्यापासून नवा हप्ता असा असा. ज्याची वीस वर्षांची मुदत होती त्याचा हप्ता जवळजवळ सातव्या हिश्शाने वाढला. हप्ता जुनाच ठेवून मुदत वाढवता येते, पण मग उरलेल्या सतरा वर्षांची सव्वीस होतात, आणि निवृत्तीच्या पलीकडे बँक मुदत नेत नाही.

माझ्या शाखेतले कर्जदार आले, कुरकुरले आणि गेले. त्यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच्या हाताने ती चढण काढलेली होती. पण दुसऱ्या शाखांतली माणसं यायला लागली, कोणीतरी सांगितलं म्हणून की तिथे एक बाई नीट समजावते. ती माणसं पहिलं पान पुढे धरायची आणि बोट ठेवायची. स्थिर लिहिलंय ना इथे? मी म्हणायची, लिहिलंय. मग? या 'मग'चं माझ्याकडे चित्र नव्हतं. कराराच्या अकराव्या पानावर छत्तीस महिन्यांनंतर दर बदलेल असं स्पष्ट होतं, त्यांची सही होती, बँक धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. एक वायरमन मला म्हणाला, मॅडम, मी अकरावं पान वाचलं होतं, पण वाटलं, जी बँक नावातच स्थिर म्हणते ती आत उलटं कशाला लिहील, मलाच वाचता येत नसेल. मी त्या दिवशी डबा उघडला नाही.

बबडीचा फोन आला नाही. मी केला तर म्हणायची, कामात आहे. तिलाही पत्र गेलं असणार हे मला ठाऊक होतं. तिला शेपूट ठाऊक आहे, ती तयारीत असेल, असं मी स्वतःला बजावत होते. माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती. क्वार्टरमधली भांडी मी खोक्यांत भरायला घेतली होती.

मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या काउंटरवरच्या पाटीवर त्रेचाळीस नंबर लागला आणि समोर बबडी येऊन बसली. हातात टोकनचा कागद. तिने इतरांसारखी रांग धरली होती, बाकावर बसून राहिली होती, आणि मी मान वर करून पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, अगं, आत यायचंस. ती म्हणाली, "ग्राहक म्हणून आलेय."

तिने फाइल उघडली. पहिलं पान वर. मी सवयीने पाठकोरा कागद ओढला, पेन्सिल उचलली आणि सपाट रेघ काढायला लागले. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"चित्र येतं मला, मावशी. लहानपणापासून येतं. मला एवढंच सांग, शेपूट कधी तुटलं?"

मी म्हटलं, बाजारात यायच्या तीन दिवस आधी.

"तुला माहीत होतं?"

"माझी सही आहे त्यावर."

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात बोलली. म्हणाली की पत्र हातात पडलं तेव्हा नुसतं 'स्थिर' बघून तिला वाटलं, मावशी भांडली असणार. समितीपुढे उभी राहिली असणार आणि 'पुढे बदलता' काढूनच टाकायला लावलं असणार, वीस वर्षं एकच दर करून घेतला असणार. अकरावं पान तिने वाचलं होतं. त्या शाखेतल्या माणसाला विचारलंही होतं. तो म्हणाला, ती छापील भाषा असते हो, नाव बघा ना वर काय आहे. "मी तुला विचारणार होते. पण तू पत्राची घडी घातलीस आणि चहा टाक म्हणालीस. मला वाटलं, लाजतेय. स्वतःची बढाई मारायची नाही तुला. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझ्या मावशीने करून घेतलं म्हणून. चौघींनी त्यावरच कर्ज घेतलं."

मी म्हणाले, "तुझी मुदत पंधराला संपत होती, बबडी. समिती वीसला बसणार होती. घर गेलं असतं."

"गेलं नसतं. एका छोट्या गृहवित्त संस्थेचं मंजुरीपत्र माझ्या पर्समध्ये होतं. वीस वर्षं एकच दर. टक्काभर महाग होतं, म्हणून तुझं घेतलं." तिने हिशेब केलेला होता, ती नेहमीच करते. "ते घेतलं असतं तर आज याहून कमी हप्ता असता, आणि शेवटपर्यंत तोच. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्या नावाचं कर्ज सोडून दुसऱ्याचं घ्यायचा विचार केला याची मला लाज वाटली होती." मग तिने माझ्याकडे पाहिलं, थेट, तिच्या आईसारखं. "तू जगाला विचारतेस, आता तुम्ही मला सांगा. मलाच का नाही विचारलंस?"

मला उत्तर ठाऊक होतं. विचारलं असतं तर तू बरोबर सांगितलं नसतंस, आणि मग मला खरं सांगावं लागलं असतं. मी एवढंच म्हणू शकले की चुकले. तीस वर्षांच्या काउंटरवर माझ्याकडे तेवढाच शब्द शिल्लक होता. तो कुठल्याही चौकटीत मावला असता.

तिने मान हलवली. माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. तिला नव्या हप्त्यासाठी पगारखात्यातून रक्कम वळती करायचं नवं संमतीपत्र द्यायचं होतं, जुन्यात तेवढी मर्यादा नव्हती. तेही मी घेऊ शकत नव्हते. नियम नियम आहे. मी तिला शेजारच्या काउंटरकडे पाठवलं आणि ती उठून गेली, दीड हातावर.

शेजारी बसते ती बाई माझ्याच हाताखाली तयार झालेली. सात वर्षं माझ्या बाजूला बसून तिने माझी सगळी ढब उचलली आहे, पाठकोरे कागदसुद्धा माझ्याच खणातून नेते. मी चव्वेचाळीस नंबर पुकारला. समोर कोणीतरी बसलं, बोलायला लागलं. माझे कान शेजारी होते. ती बबडीला पेन्सिल देऊन म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा."

बबडीने सांगितलं. शाळेतल्या मुलीसारखं, एकेक शब्द सुटा. "तीन वर्षं स्थिर होतं. आता बदलता आहे. व्याज वाढलं की हप्ता वाढणार, कमी झालं की कमी होणार. मुदत वाढवता येत नाही, कारण मी अठ्ठावन्नला निवृत्त होते."

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "पगारातून भागेल ना? की दुसरं काही उत्पन्न आहे?"

"आहे. मागची खोली भाड्याने दिलीय, एक तारखेपासून."

माझ्यासमोरचा माणूस मला काहीतरी विचारत होता. मी त्याला म्हटलं, माफ करा, पुन्हा एकदा सांगता का.